लॅपटॉप मंचावर, प्रोजेक्टर छताला: ३३ मीटर नेटवर्क केबलवरून चित्र कसे न्यायचे

शाळेचे सभागृह किंवा मंगल कार्यालयाचा हॉल घ्या. लॅपटॉप मंचाच्या बाजूच्या टेबलावर आणि प्रोजेक्टर हॉलच्या मधोमध छताला टांगलेला. साधी एचडीएमआय केबल १०८०पीसाठी १० मीटरपर्यंत बहुधा चालते, १५ मीटरला कुरकुर सुरू होते आणि ३० मीटरला तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. म्हणून दोन टोकांना दोन डब्या लावून मधल्या अंतरात कॅट-६ नेटवर्क केबल टाकतात. बाजारात या डब्यांना बॅलन किंवा एक्स्टेंडर म्हणतात. काम अवघड नाही. पण खोक्यावर छापलेले '६० मीटर' किंवा '१२० मीटर' वाचून खरेदी केली की पुढे त्रास होतो, कारण तो आकडा कोणत्या चित्रासाठी आणि कोणत्या केबलवर, हे तिथे क्वचितच लिहिलेले असते. या लेखात एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतले आहे.

आधी चित्र, मग अंतर

प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात त्याचे मूळ रिझोल्यूशन बघा. शाळा-महाविद्यालयांतले बरेच प्रोजेक्टर १०२४×७६८ किंवा १२८०×८०० चे असतात. १०८०पी सिग्नल दिला तरी ते तो आत दाबून लहानच करतात. हे बघायचे कारण असे की केबलवरचा भार चित्राच्या पिक्सेलच्या वेगाने ठरतो. सेकंदाला ६० चित्रे धरली तर १०८०पीचा पिक्सेल-वेग १४८.५ मेगाहर्ट्झ असतो, १२८०×८०० चा सुमारे ८३.५ आणि ४के चा ५९४. म्हणजे जो जोड १२८०×८०० ला निवांत चालतो, तोच ४के ला अजिबात चालणार नाही. आपल्या उदाहरणातला प्रोजेक्टर १२८०×८०० चा आहे. तरी निवड १०८०पी धरून करायची, कारण पाच-सहा वर्षांनी प्रोजेक्टर बदलेल, पण छतातली केबल कोणी बदलणार नाही.

आता अंतर. ते टेप लावून, केबल ज्या वाटेने जाणार त्या वाटेनेच मोजायचे. टेबलाजवळच्या भिंतीवरून छतापर्यंत ४ मीटर, छताच्या कडेने १८, तिथून आडवे हॉलच्या मधोमध ७, खाली प्रोजेक्टरपर्यंत १. झाले ३० मीटर. दोन्ही टोकांना दीड-दीड मीटर शिलकी ठेवली की ३३. नजरेने 'असेल वीसेक मीटर' म्हणणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो; भिंतीची चढण आणि कोपरे त्यांनी धरलेले नसतात.

चार प्रकारच्या डब्या

पहिला प्रकार वीज न लागणाऱ्या, दोन केबलवर चालणाऱ्या डब्यांचा. एचडीएमआयमध्ये चित्राच्या चार जोड्या असतात: तीन माहितीच्या आणि एक घड्याळाची. शिवाय लॅपटॉप आणि प्रोजेक्टर एकमेकांशी बोलतात त्या तारा वेगळ्या. म्हणून एका कॅट-६ मधून चित्र आणि दुसरीतून हे बोलणे जाते. डबीत कोणतेही यंत्र नाही, सगळी ताकद लॅपटॉपच्या पोर्टची. खोक्यावर ३० मीटर लिहिलेले असते, पण १०८०पीला १०–१५ मीटरच्या पुढे त्यांच्यावर विसंबू नये.

त्याची कारणे दोन आहेत. लॅपटॉप आणि प्रोजेक्टरमधले ते बोलणे एका मंद, साध्या वाहिनीवर चालते आणि तिच्यावरचा धारितेचा भार काही शे पिकोफॅरडच्या आत असावा लागतो. नेटवर्क केबलच्या जोडीत मीटरला सुमारे ५० पिकोफॅरड असतात. ३३ मीटरला ते दीड हजाराच्या वर जातात. मग लॅपटॉपला प्रोजेक्टरची माहिती वाचताच येत नाही, आणि तो अंदाजाने १०२४×७६८ किंवा त्याहून लहान चित्र पाठवतो किंवा काहीच पाठवत नाही. दुसरे कारण पिळाचे. नेटवर्क केबलच्या चार जोड्यांना मुद्दाम वेगवेगळा पीळ दिलेला असतो, त्यामुळे त्यांतल्या तारांची खरी लांबी थोडी वेगळी भरते आणि चारही सिग्नल एकाच क्षणी पोहोचत नाहीत. केबलच्या मानकात १०० मीटरला ४५ नॅनोसेकंदांपर्यंतचा फरक चालतो. १०८०पीचा एक पिक्सेल मात्र ६.७ नॅनोसेकंदांत संपतो. संगणकाच्या नेटवर्कला ज्या फरकाने काही होत नाही, तो इथे चित्र मोडू शकतो.

दुसरा प्रकार दोन्ही टोकांना अडॅप्टर लागणाऱ्या, एका केबलवरच्या स्वस्त एक्स्टेंडरचा. यांत सिग्नल सावरणारी चिप असते. '६० मीटर' लिहिलेला चांगल्या केबलवर ३३ मीटर १०८०पी सहसा नेतो. सभागृहात हाताशी असलेल्या जागी, तात्पुरत्या कामाला हा ठीक.

तिसरा प्रकार एचडीबेसटी. हे तंत्र व्हॅलेन्स कंपनीचे, आणि २०१० मध्ये एलजी, सॅमसंग, सोनी आणि व्हॅलेन्स यांनी मिळून त्याची संघटना काढली. यात एचडीएमआयचा सिग्नल जसाच्या तसा ढकलत नाहीत. तो नव्या पद्धतीने बांधून चारही जोड्यांवर पाठवतात आणि पलीकडे पुन्हा सोडवतात. त्यामुळे जोड्यांमधला वेळेचा फरक तिथे भरून काढता येतो. याच्या डब्या ठळकपणे दोन वर्गांत मिळतात: १०८०पीला ७० मीटरच्या आणि १०० मीटरच्या. ७० वाल्या डब्या ४के ला साधारण ४० मीटरच्या आतच राहतात. बऱ्याच जोड्यांमध्ये एकाच टोकाला अडॅप्टर लागतो, दुसरी डबी केबलमधूनच वीज घेते. प्रोजेक्टर छताला असेल तर ही सोय फार मोलाची आहे.

चौथा प्रकार नेटवर्कवरून पाठवणाऱ्या एक्स्टेंडरचा. तो चित्र दाबून डेटाच्या पाकिटांत पाठवतो, त्यामुळे साध्या नेटवर्क स्विचमधून जाऊ शकतो आणि एका चित्राचे चार प्रोजेक्टर करणे सोपे पडते. पण चित्र थोडे उशिरा पोहोचते. स्लाइडला ते चालते. माउसचा बाण हात हलवल्यानंतर सरकतो, हे मात्र वक्त्याला लगेच जाणवते. मंचावर चाललेले गाणे किंवा भाषण कॅमेऱ्यातून पडद्यावर दाखवायचे असेल तर ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

आपल्या ३३ मीटरसाठी माझी निवड ७० मीटरची एचडीबेसटी जोडी. दुसऱ्या प्रकारात पैसे वाचतात हे खरे, पण छतावरची डबी बिघडली की मचाण लावून चढावे लागते, आणि तेही नेमके कार्यक्रमाच्या दिवशी.

केबल: इथेच काम बनते किंवा बिघडते

कॅट-६, एकजीव तारेची म्हणजे एकाच जाड तारेची, शुद्ध तांब्याची, २३ गेजची. पॅचकॉर्डसारखी अनेक बारीक तारांची केबल नको, ती अंतरावर सिग्नल जास्त खाते. आणि सीसीए तर अजिबात नको. सीसीए म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. ती स्वस्त, वजनाला हलकी असते, आणि ३०५ मीटरच्या खोक्यावर अनेकदा नुसतेच 'कॅट-६' छापलेले असते.

ओळखायच्या दोन खुणा आहेत. एक तार सोलून ब्लेडने हलकेच खरवडा. आत पांढरे चकाकले तर ॲल्युमिनियम. दुसरी खूण जास्त खात्रीची. केबल कापून झाली की एका टोकाला निळा आणि पांढरा-निळा या दोन तारांची टोके पिळून जोडा आणि दुसऱ्या टोकाला त्याच दोन तारांमध्ये मल्टिमीटरने रोध मोजा. आधी मीटरच्या दोन्ही काड्या एकमेकींना लावून येणारा आकडा वजा करायला विसरू नका. वीज जाऊन परत येते म्हणून ३३ मीटरच्या केबलला तार भरते ६६ मीटर. चांगल्या २३ गेज तांब्याला साधारण साडेचार ओहम येतील, २४ गेजला साडेपाच. मानकाप्रमाणे १०० मीटर तारेला जास्तीत जास्त ९.३८ ओहम चालतात, म्हणजे आपल्याला सहा-सव्वासहापर्यंत सूट. मीटर सात, आठ, नऊ दाखवू लागला तर ती केबल परत करा, मग आवरणावर काहीही छापलेले असो. केबलमधून वीज घेणाऱ्या डबीला तर हा जादा रोध दुहेरी नडतो: सिग्नलही कमी, व्होल्टेजही कमी.

अखंड केबल घ्या. मध्ये जोड नको, भिंतीतला सॉकेट नको, जुन्या लॅन वायरिंगचा तुकडा जोडून अंतर भरणे तर नकोच.

जमिनीवर चाचणी, मग छत

केबल छतात चढवण्याआधी सगळी जोडणी टेबलावर करून बघा. केबल जमिनीवर सैल पसरून ठेवा. गुंडाळी घट्ट ठेवून चाचणी केली तर शेजारच्या वेढ्यांचा सिग्नल एकमेकांत मिसळतो आणि चांगली केबलही वाईट ठरते. छतात चढवल्यावर उरलेली शिलकीसुद्धा याच कारणाने घट्ट वेटोळे करून बांधू नका. लांबट, सैल वळणात सोडा.

दोन्ही टोकांना आरजे-४५ कनेक्टर एकाच रंगक्रमाने लावायचे. कनेक्टरची खिट्टी खाली आणि तांब्याच्या पट्ट्या वर धरल्या की डावीकडून क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. यात हिरव्या जोडीच्या दोन तारा निळ्या जोडीच्या दोन्ही बाजूंना जातात, तिसऱ्या आणि सहाव्या जागी. नवखा माणूस इथे हमखास फसतो. 'दोन्ही टोकांना सारखे असले की झाले' असे समजून तो नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या ओळीने लावतो. दिव्यांचा स्वस्त टेस्टर एक ते आठ सगळे दिवे बरोबर दाखवतो, कारण त्याला फक्त तार पोहोचली की नाही एवढेच कळते. प्रत्यक्षात तिसऱ्या आणि सहाव्या जागेवर दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारा बसलेल्या असतात, त्या एकमेकींना पिळलेल्या नसतात, आणि वेगवान सिग्नल तिथे फुटतो. टेस्टर हिरवा आणि पडदा निळा, अशी तक्रार असेल तर कनेक्टर कापा, रंग तपासा.

क्रिंप करताना पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका, आणि बाहेरचे आवरण कनेक्टरच्या आत जाऊन चिमट्याखाली दाबले गेले पाहिजे. सुट्या तारा कनेक्टरबाहेर दिसत असतील तर ते टोक पुन्हा करा.

जोडणीचा क्रम: सगळे बंद असताना लॅपटॉप ते पाठवणारी डबी एचडीएमआय केबल, दोन डब्यांमध्ये कॅट-६, घेणारी डबी ते प्रोजेक्टर एचडीएमआय केबल. या एचडीएमआय केबल्स दीड-दोन मीटरच्या ठेवा. एका टोकाला १० मीटरची जुनी एचडीएमआय लावून वर एक्स्टेंडरला दोष देण्यात अर्थ नाही. मग अडॅप्टर चालू करा, दोन्ही डब्यांवर लिंकचा दिवा स्थिर झाला की प्रोजेक्टर चालू करा, त्याला एचडीएमआय इनपुटवर आणा, शेवटी लॅपटॉप. विंडोजची कळ आणि पी दाबून `Duplicate` निवडा. `Settings > System > Display > Advanced display` मध्ये प्रोजेक्टरचे नाव आणि रिझोल्यूशन दिसले म्हणजे परतीचे बोलणे नीट चालले आहे. या अवस्थेत तासभर व्हिडिओ चालू ठेवा. पाच मिनिटांच्या चाचणीत उष्णतेचे दोष दिसत नाहीत.

आवाजाचाही आत्ताच निर्णय करा. एचडीएमआय जोडली की विंडोज आवाज प्रोजेक्टरच्या बारक्या स्पीकरकडे पाठवते. हॉलचा मिक्सर मंचाजवळ असेल तर विंडोजच्या आवाजाच्या यादीतून लॅपटॉपचे स्वतःचे आउटपुट निवडा आणि हेडफोनच्या सॉकेटमधून मिक्सरला द्या.

केबल टाकताना

विजेच्या वायरिंगच्या पाइपमधून ही केबल नेऊ नका. समांतर जायचे असेल तर साधारण ३० सेंटिमीटर अंतर, ओलांडायचे असेल तर काटकोनात. मंचावरच्या दिव्यांचे डिमर, पंख्यांचे रेग्युलेटर आणि एसीच्या लाइनी यांच्यापासून तर आवर्जून लांब. पंखा चालू-बंद केला की पडदा क्षणभर काळा होतो, ही तक्रार बहुतेक वेळा याच समांतर धावेतून येते. वाट बदलता येत नसेल तर जाळीचे आवरण असलेली कॅट-६ए घ्या, आणि तिला धातूचेच कनेक्टर लावा. प्लास्टिकच्या कनेक्टरने ते आवरण दोन्ही टोकांना तुटकेच राहते. केबल-टायने आवळून केबल चेपू नका आणि कोपऱ्यात तिला घडी पाडू नका. चेपल्याने जोड्यांचा आकार बदलतो आणि सिग्नल तिथून परत फिरतो.

पत्र्याच्या छताखाली एक वेगळा हिशेब लागतो. तांब्याच्या केबलमधली सिग्नलची घट २० ते ४० अंशांच्या दरम्यान दर अंशाला ०.४ टक्के वाढते आणि ४० च्या वर दर अंशाला ०.६ टक्के. मे महिन्यात पत्र्याखाली ५५ अंश झाले तर घट १७ टक्क्यांनी वाढते. आपली ३३ मीटरची केबल सुमारे ३९ मीटरसारखी वागते. ७० मीटरच्या डबीला ते जाणवत नाही. पण काठावर चालणारी स्वस्त जोडी सकाळच्या चाचणीत पास होते आणि दुपारच्या कार्यक्रमात चित्र सोडते. घेणारी डबीही तापते, म्हणून तिला प्रोजेक्टरच्या गरम हवेच्या झोतात किंवा त्याच्या पाठीवर ठेवू नका.

शेवटी दोन्ही टोकांना ठळक चिठ्ठी लावा: 'प्रोजेक्टर. स्विचला लावू नये.' एचडीबेसटीची केबल दिसते नेटवर्कसारखी, पण तिच्यातला सिग्नल नेटवर्कचा नाही, आणि काही जोड्या तिच्यातून वीजही पाठवतात. कोणी भिंतीतली तार शाळेच्या स्विचमध्ये खोचली तर चित्र तर जाणार नाहीच, पोर्टही जळू शकतो.

पडद्यावरून दोष ओळखणे

चित्रात पांढरे किंवा रंगीत ठिपके चमकत असतील तर सिग्नल पोहोचतो आहे, पण काठावर. आधी छोट्या एचडीएमआय केबल्स बदला, मग कनेक्टर पुन्हा करा. खात्रीसाठी लॅपटॉपचे रिझोल्यूशन १२८०×७२० वर आणा. पिक्सेल-वेग १०८०पीच्या निम्मा होतो. ठिपके गेले तर दोष केबलच्या वाटेत आहे, लॅपटॉपमध्ये नाही. लिनक्सवर हीच चाचणी अशी करता येते (आउटपुटचे नाव नुसते `xrandr` लिहून बघून घ्या):

```
xrandr --output HDMI-1 --mode 1280x720 --rate 60
```

चित्र दोन-तीन सेकंद काळे होऊन परत येत असेल तर दुवा तुटून पुन्हा जुळतो आहे. कधी होते ते लिहून ठेवा: पंखा लावताना होत असेल तर विजेचा त्रास, तासाभराने सुरू होत असेल तर उष्णता किंवा अपुरा अडॅप्टर.

लिंकचा दिवा लागला आहे, पण प्रोजेक्टर 'सिग्नल नाही' म्हणतो किंवा चित्र १०२४×७६८ च्या वर जात नाही, तेव्हा परतीचे बोलणे तुटलेले असते. लॅपटॉप थेट दोन मीटरच्या केबलने प्रोजेक्टरला लावून बघा. तिथे चालले तर दोष एक्स्टेंडरच्या बाजूला. मग सगळे बंद करून प्रोजेक्टरपासून सुरुवात करत पुन्हा चालू करा. अनेकदा एवढ्याने माहिती नीट वाचली जाते. डेस्कटॉप दिसतो, पण ओटीटीवरचा सिनेमा लावला की पडदा काळा, असे झाले तर केबलला हात लावू नका. तो नक्कल-संरक्षणाचा प्रश्न आहे आणि ते संरक्षण पुढे नेणारी डबीच लागते.

मर्यादा कुठे येते

१०० मीटरच्या पुढे एका डबीच्या जोडीला दुसरी जोडी साखळीने लावू नका. प्रत्येक टप्प्यावर बोलणे आणि नक्कल-संरक्षण पुन्हा जुळावे लागते आणि दोष शोधणे दुप्पट अवघड होते. ४के सेकंदाला ६० चित्रांनी, न दाबता हवे असेल तर एचडीबेसटी ३.० किंवा ऑप्टिकल एचडीएमआय केबल. ऑप्टिकल केबल ३३ मीटरला सहज चालते आणि पंखे-डिमरचा त्रास तिच्या काचेला होत नाही. पण ती एकाच दिशेची असते; लॅपटॉपचे टोक प्रोजेक्टरला लावले तर काहीच दिसणार नाही. शिवाय तिची टोके कारखान्यातच बसवलेली येतात. तुमच्या भिंतीतला पाइप २० मिलिमीटरचा असेल आणि वाटेत दोन काटकोन असतील, तर विकत घेण्याआधी त्या टोकाची रुंदी मोजून घ्या.